बीजकातला चढ आणि उधारीची हमी

कॉटन ग्रीन स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की कॉटन एक्स्चेंजची इमारत समोरच उभी असते. तिथून शिवडीपर्यंत मुंबई बंदराच्या जमिनीवर गोदामांच्या रांगा लागतात. मुंबईचा कापूस आधी फोर्टातल्या टाउन हॉलपुढच्या मैदानात रचला जायचा, मग तो कुलाब्याला गेला आणि १९२०च्या दशकात इथे आला. या गोदामांत पडलेला माल बहुतेक वेळा गोदामवाल्याचा नसायचा. तो खामगाव-अकोल्याकडच्या व्यापाऱ्याचा असायचा. हा व्यापारी गाठी रेल्वेत चढवायचा, रेल्वेची रसीद मुंबईच्या मुकादमाकडे किंवा अडत्याकडे पाठवायचा आणि तिच्या जोरावर उचल घ्यायचा. विक्री इथे व्हायची. मग कमिशन, हमाली, विमा, गोदामभाडं वजा करून पट्टी गावाला जायची. माल एकाच्या ताब्यात, मालकी दुसऱ्याची. पुस्तकातलं कन्साइनमेंट ते हेच.

मी शिवडीच्या अशाच एका गोदामाच्या माडीवर काही वर्षं हिशेब लिहिले. तोवर कापूस गेला होता आणि खाली परगावचा तयार माल उतरत होता. पहिल्याच आठवड्यात एका बीजकावरचा भाव पाहून मी मेहताजींना विचारलं, “हा माल इतका महाग पडतो?” ते म्हणाले, “अरे, तो भाव पडत नाही, तो भाव लिहितात.” पडणारा भाव आणि लिहिलेला भाव यांतल्या अंतराबद्दल मला इथे बोलायचं आहे. त्याच्या जोडीला उधारीच्या हमीबद्दलही, म्हणजे डेल क्रेडर कमिशनबद्दल. हे दोन्ही विषय वाणिज्य शाखेच्या पुस्तकात एकाच धड्यात येतात, पण ते एकत्र का येतात हे सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे. मालकाला गोदाम दिसत नाही आणि गिऱ्हाईकही दिसत नाही. न दिसणाऱ्या मालासाठी तो एक खोटा आकडा वापरतो आणि न दिसणाऱ्या गिऱ्हाइकासाठी एक खरी जोखीम विकतो. खोटा आकडा त्याला स्वतःच्या वहीत आठवणीने खोडावा लागतो. विकलेली जोखीम मात्र वहीतून नाहीशी झाली तरी जगातून नाहीशी होत नाही.

कापसात बीजकातला चढ फारसा चालला नसता. कापसाचा भाव खंडीला, म्हणजे ७८४ रतलांना, रोज बाजारात फुटायचा. खामगावच्या माणसाने बीजकात काहीही लिहिलं तरी माल काय किमतीचा आहे हे मुकादमाला त्याच्याइतकंच ठाऊक असायचं. बीजकातला आकडा तिथे फार तर ‘याच्या खाली विकू नकोस’ एवढंच सांगू शकायचा. ज्या मालाचा भाव रोज जाहीर होत नाही, ज्याचा वाण, वीण, दर्जा कारखान्यागणिक बदलतो, तिथे चढाला जागा मिळते. म्हणून उदाहरण सोलापुरी चादरीचं घेऊ. आकडे हिशेब कळावा म्हणून माझे आहेत, आणि कराचा भाग सध्या बाजूला ठेवतो.

सोलापूरचा एक कारखानदार शिवडीच्या अडत्याकडे १,००० चादरी पाठवतो. एक चादर त्याला ४०० रुपयांना पडते. बीजकात तो ५०० लिहितो. पडलेल्या किमतीवर हा २५ टक्के चढ झाला आणि बीजकाच्या किमतीवर २० टक्के. शंभर रुपये तेच, टक्के दोन. हे दोन टक्के एकमेकांत मिसळले की पुढचा सगळा हिशेब वाकडा जातो, म्हणून वहीच्या पहिल्या ओळीतच ‘बीजकाचा पाचवा हिस्सा चढ’ असं अक्षरांत लिहून ठेवावं. बांधणी आणि लॉरीभाडं धरून मालकाचे २०,००० गेले. शिवडीला उतरवून गोदामात लावायची हमाली ५,००० झाली, ती अडत्याने दिली. पुढे गोदामभाड्याचे ६,००० त्यानेच दिले. मार्चअखेर ८०० चादरी खपल्या. त्यांपैकी ३०० रोखीने ५६० रुपयांना गेल्या आणि ५०० दोन महिन्यांच्या उधारीवर ५८० ला. रोखीचे १,६८,००० आणि उधारीचे २,९०,००० मिळून विक्री ४,५८,००० झाली. साधं कमिशन सगळ्या विक्रीवर ५ टक्के, म्हणजे २२,९००. डेल क्रेडर फक्त उधार विक्रीवर २ टक्के, म्हणजे ५,८००. थंडी सरली होती आणि २०० चादरी गोदामात राहिल्या.

मालकाला नफा किती झाला? सरळ वाटेने काढू. ८०० चादरींची पडलेली किंमत ३,२०,०००. लॉरी आणि हमाली मिळून नगाला २५ रुपये, त्यांचे २०,०००. भाडं ६,०००, दोन्ही कमिशनं २८,७००. एकूण ३,७४,७००. विक्रीतून हे वजा केलं की ८३,३०० उरतात. खरा नफा हा. वहीतून कोणत्याही वाटेने गेलो तरी इथेच पोचायला हवं.

आता तीच गोष्ट बीजकाच्या भावाने लिहू. कन्साइनमेंट खात्यात नावे बाजूला हजार चादरी ५ लाखांना पडतात, मग खर्च आणि कमिशनं. जमा बाजूला विक्री येते आणि उरलेल्या २०० चादरी बीजकाच्या भावाने १,००,००० आणि त्यांच्या वाट्याचे लॉरी-हमालीचे ५,०००, असे १,०५,०००. इथे थांबलो तर नफा अवघा ३,३०० दिसतो, कारण खर्चाची बाजू एक लाखाने फुगली आहे. म्हणून पाठवलेल्या हजारही चादरींवरचा चढ, १,००,००० रुपये, जमा बाजूला लिहून काढून टाकायचा. आता नफा १,०३,३०० होतो. बरेच जण इथेच पेन ठेवतात, कारण आकडा बरा दिसतो. पण यातले २०,००० अजून झालेलेच नाहीत. ते २०० न विकलेल्या चादरींच्या अंगावरचे आहेत. हजार नगांवरचा चढ आपण नावे बाजूच्या किमतीतून काढला. मग उरलेला माल पुन्हा चढ्या भावाने जमा बाजूला लिहिला, म्हणजे २०० नगांवर चढ परत आणून ठेवला. तो दुसऱ्यांदा काढण्यासाठी नावे बाजूला २०,००० लिहितात. यालाच स्टॉक रिझर्व्ह म्हणतात. आता नफा ८३,३०० येतो, सरळ वाटेने आला तोच. ताळेबंदात उरलेला माल १,०५,००० उणे २०,०००, म्हणजे ८५,००० ला दिसतो. एक चादर ४२५ ला: चारशे पडल्याचे आणि पंचवीस शिवडीपर्यंत आणल्याचे.

हा रिझर्व्ह काढताना दोन चुका नेहमी होतात. पहिली टक्क्यांची. पडलेल्या किमतीवर चढ २५ टक्के आहे म्हणून कोणी बीजकाच्या एक लाखावर २५ टक्के काढतो आणि रिझर्व्ह २५,००० धरतो. दुसरी चूक जास्त फसवी. साठा १,०५,००० दिसतो म्हणून त्या सगळ्यावर २० टक्के धरून २१,००० काढतात. पण त्यातले ५,००० लॉरीचे आणि हमालीचे आहेत, ते खरे गेलेले पैसे आहेत. त्यांच्यात चढ नाही, मग काढायचा काय? ताडून पाहायला सोपी युक्ती आहे: रिझर्व्ह वजा करून उरलेल्या साठ्याला नगांनी भागा. पडलेली किंमत आणि माल गोदामात लागेपर्यंतचा खर्च, यांच्या बेरजेइतका आकडा आला नाही तर कुठेतरी पाय घसरला आहे. गोदामभाड्याचे ६,००० मात्र या साठ्यात घ्यायचे नाहीत. माल जागेवर पोचल्यानंतर तो पडून राहिल्याचा तो खर्च आहे, त्याने चादरीची किंमत वाढत नाही.

‘रिझर्व्ह’ या शब्दाने गोंधळ वाढवला आहे. रिझर्व्ह म्हटलं की काहीतरी बाजूला ठेवल्यासारखं वाटतं, जणू अडीअडचणीला उपयोगी पडेल. हे २०,००० कुठेच ठेवलेले नाहीत, कारण ते कधी आलेलेच नाहीत. समजा त्या २०० चादरींना कसर लागली आणि खर्च वजा जाता नगाला ३८० च मिळतील अशी वेळ आली. तेव्हा कोणी म्हणेल, रिझर्व्ह आहे की, त्यातून भागवू. भागणार नाही. ४२५ चे ३८० होतात म्हणून नगाला ४५ रुपये, म्हणजे ९,००० चा तोटा वेगळा लिहावा लागेल. साठा किमतीला किंवा विकून हाती पडेल त्या रकमेला, यांत जे कमी असेल त्याला धरायचा, हा नियम रिझर्व्ह काढून झाल्यावर लागू होतो. स्टॉक रिझर्व्ह म्हणजे तोट्याची तरतूद नव्हे. आपणच सांगितलेली थाप आपल्याच वहीतून मागे घ्यायची, एवढंच त्याचं काम.

मग थाप मारायचीच कशाला? सगळं ४०० ला लिहिलं असतं तर हा खटाटोप वाचला असता. जुनी कारणं तीन. अडत्याला आपला नफा कळू नये, नाहीतर तो उद्या सोलापूरहून स्वतःच माल आणेल किंवा कमिशन वाढवून मागेल. त्याने माल कितीच्या खाली विकू नये याची रेघ मिळावी. आणि गोदामातला माल एकाच भावाने मोजता यावा. हजार गुणिले पाचशे, उणे आठशे गुणिले पाचशे, म्हणजे एक लाखाचा माल गोदामात असायलाच हवा. नसेल तर विचारा कुठे गेला. तिसरं कारण मला पटतं. दुसरंही पटतं, पण किमान भाव पत्रात एका ओळीत लिहिता येतो, त्यासाठी बीजक फुगवायची गरज नाही. पहिल्या कारणावर माझा विश्वास नाही. जो माणूस महिन्याला शेकडो चादरी विकतो त्याला सोलापूरचे भाव कळत नाहीत, असं फक्त सोलापुरात बसलेला माणूसच मानू शकतो.

गुपित अडत्यापासून राहत नाही. ते राहतं मालकाच्या स्वतःच्या माणसांपासून. मालक बँकेकडून मालावर कर्ज घेतो तेव्हा दर महिन्याला साठ्याचं विवरण देतो. कारकून शिवडीचा साठा कन्साइनमेंट खात्यावरून उचलतो. तिथे १,०५,००० असतात, आणि तेच तो लिहितो. बँकेने २५ टक्के मार्जिन ठेवलं तरी न झालेल्या नफ्यावर १५,००० ची जास्तीची उचल हाती येते. पुढच्या वर्षी चादरी पडत्या भावात जातात आणि खातं ओढलं जातं, तेव्हा कोणालाच कळत नाही की चूक मार्चमध्ये झाली होती. पडदा दुसऱ्यासाठी लावला आणि त्यामागे आपणच चाचपडत राहिलो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: बीजकात चढ लावणारा तेव्हाच शहाणा, जेव्हा त्याच्या घरातल्या प्रत्येक कागदावर चढ काढलेला आकडा असतो.

जीएसटीने या जुन्या खेळात एक गंमत केली. पूर्वी चढ लावणं मालकाची मर्जी होती. आता अडत्या स्वतःच्या नावाने गिऱ्हाइकाला बिल फाडत असेल, तर मालकाने त्याच्याकडे माल पाठवणं हाच कायद्याने पुरवठा ठरतो. विक्री झालेली नसली तरी पाठवतानाच कर लागतो. बिल कोणाच्या नावाने निघतं ही कसोटी ४ सप्टेंबर २०१८ च्या परिपत्रकाने स्पष्ट केली. डेल क्रेडर एजंटांसाठी ५ नोव्हेंबर २०१८ ला वेगळं परिपत्रक निघालं, आणि त्यातही हीच कसोटी धरली आहे. मग कर कोणत्या किमतीवर? नियम २९ सांगतो: खुल्या बाजारातली किंमत, किंवा मालकाची इच्छा असेल तर अडत्या तसाच माल आपल्या नात्यागोत्यात नसलेल्या गिऱ्हाइकाला ज्या भावाने विकतो त्याच्या ९० टक्के. आपल्या उदाहरणात ५६० चे ९० टक्के ५०४ होतात. म्हणजे ५०० चं बीजकही या दुसऱ्या वाटेने पुरे पडत नाही. ते टिकवायचं तर खुल्या बाजारात घाऊक भाव तेवढाच आहे, हे दाखवावं लागेल. चारशेचा तर प्रश्नच नाही. ज्या चढाला आपण व्यापाऱ्याची खोड समजत होतो तो आता कायदाच जवळजवळ मागतो. आणि म्हणूनच स्टॉक रिझर्व्ह जुन्या पुस्तकातला धडा म्हणून सोडून देता येत नाही. कराचं बीजक चढ्या भावाचं आणि ताळेबंद पडलेल्या किमतीचा, हे दोन आकडे आता कायमचे शेजारी राहणार आहेत.

आता दुसरी गोष्ट. मालकाला गिऱ्हाईक दिसत नाही. लालबाग-परळच्या कोणत्या दुकानदाराची पत किती, हे अडत्याला माहीत. मालकाने उधारीवर विकायची मुभा दिली आणि पैसे बुडाले, तर बुडाले कोणाचे? साध्या आडतीत मालकाचे. अडत्याने चौकशी न करता दिवाळखोराला माल दिला असेल तरच भरपाई मागता येते. १८७२ च्या करार कायद्याच्या २१२ व्या कलमात नेमकं हेच उदाहरण दिलेलं आहे. पण अडत्याने चौकशी केली नव्हती हे सोलापुरात बसून सिद्ध कसं करणार? त्यापेक्षा दोन टक्के जास्त द्यावेत आणि म्हणावं, उधारी बुडाली तर तू भर. डेल क्रेडर म्हणजे हेच. शब्द इटालियन आहे, त्यात ‘विश्वास ठेवणं’ हा अर्थ आहे. आपल्याकडचा बाजार हा विचार आपल्या शब्दांत करतच होता. कच्च्या आडतीत अडत्या दोघांची गाठ घालून देतो. पक्क्या आडतीत तो आपल्या माणसापुढे स्वतःच व्यवहाराला उभा राहतो. या रूढीचा खल मुंबई उच्च न्यायालयात १९०५ मध्ये भगवानदास नरोत्तमदास विरुद्ध कानजी देवजी या खटल्यात झाला. डेल क्रेडर या दोहोंच्या मधे बसतं: माणूस अडत्याच राहतो, माल त्याचा होत नाही, फक्त उधारीची हमी त्याची.

वह्यांवर याचा परिणाम मजेदार होतो. समजा ५०० उधार चादरींपैकी एका दुकानदाराचे १२,००० बुडाले. हमी नसती तर ते मालकाच्या कन्साइनमेंट खात्यात नावे पडले असते आणि नफा ७१,३०० वर आला असता. अर्थात तेव्हा ५,८०० चं कमिशनही द्यावं लागलं नसतं, म्हणजे ७७,१००. हमी आहे म्हणून मालकाच्या वहीत या बुडीताची एक ओळही येत नाही. त्याच्या लेखी गिऱ्हाइकं नाहीतच, देणेकरी एकच, तो म्हणजे अडत्या. पट्टी अशी जमते: विक्री ४,५८,०००, त्यातून कमिशनचे २८,७०० आणि खर्चाचे ११,००० वजा, राहिले ४,१८,३००. आधी २,००,००० उचल दिली असेल तर येणं २,१८,३००. बारा हजार अडत्याच्या वहीत, त्याच्या कमिशनमधून जातात. ५,८०० मिळवून १२,००० घालवले, म्हणजे या खेपेत हमीच्या धंद्यात त्याला ६,२०० चा खड्डा पडला. खोटा नफा वहीत लिहून खोडावा लागतो आणि खरा तोटा वहीत येतच नाही, असा हा उलटा संसार आहे.

इथे वाद आहे तो हा: हे दोन टक्के कशावर द्यायचे? परीक्षेतला रिवाज असा की गणितात काही सांगितलं नसेल तर एकूण विक्रीवर धरायचं. व्यवहारी माणूस म्हणतो, रोखीत जोखीमच नाही, मग हमी कसली? आपल्या उदाहरणात एकूण विक्रीवर दिलं असतं तर ९,१६० झाले असते, म्हणजे रोखीच्या मालावर ३,३६० फुकट. युक्तिवाद बिनतोड दिसतो, आणि मीही बरीच वर्षं तोच मांडत होतो. पण माडीवरच्या नोकरीत दुसरी बाजू दिसली. कमिशन फक्त उधारीवर असेल तर रोख विक्री उधार म्हणून लिहायचा मोह होतो. गिऱ्हाइकाने रोख मोजलेले १,६८,००० अडत्या पट्टीत उधार दाखवतो. कमिशनचे ३,३६० तर मिळतातच, शिवाय मालकाचे पैसे दोन महिने त्याच्या गल्ल्यात राहतात. वर्षाला १२ टक्के दर धरला तर त्या वापराची किंमतही ३,३६० च. अशा उधारीत बुडायची भीती शून्य, कारण पैसे आधीच खिशात आहेत. म्हणजे ज्या कलमाने मालकाला वाचवायचं होतं तेच कलम अडत्याला खोटं लिहायला पैसे देतं. एकूण विक्रीवर कमिशन द्यायच्या जुन्या रिवाजाला निदान एवढा आधार आहे की तिथे रोख-उधारचं लेबल बदलून काही कमिशन मिळत नाही.

हे ओळखायचं कसं? भावावरून. रोखीचा भाव ५६० आणि उधारीचा ५८० असेल तर या वीस रुपयांत दोन महिन्यांचं व्याज आहे. पट्टीत ५६० ची उधारी दिसली की थांबायचं. शहाणा अडत्या उगाच व्याज सोडून उधार देत नाही. ती एक तर लपवलेली रोख असते, नाहीतर मर्जीतल्या दुकानाला दिलेली सूट. दुसरी खूण तारखांची. उधारीची सगळी वसुली मुदतीच्या नेमक्या शेवटच्या दिवशी आलेली दिसली तर संशय घ्यावा. खऱ्या दुकानदारांत कोणी आठ दिवस आधी देतो, कोणी पंधरा दिवस उशिरा. एका ओळीत सरळ उभे राहिलेले आकडे वहीत तयार झालेले असतात, बाजारात नव्हे.

म्हणून माझा कौल असा आहे. कमिशन उधार विक्रीवरच द्यावं, पण ठोक रकमेवर नव्हे, बिलवार यादीवर: दुकानदाराचं नाव, बिलाची तारीख, भाव, मुदत. आणि ते विक्रीच्या दिवशी नव्हे, मुदत भरून पैसे सोलापूरला पोचल्यावर जमा धरावं. मग रोख दडवून दोन महिने वापरण्यात फायदा उरतो, पण खोट्या यादीत खऱ्या दुकानदाराचं नाव घालावं लागतं आणि त्याला एक पत्र टाकलं की उलगडा होतो. हिशेब मागण्याचा हक्क करार कायद्याने मालकाला दिलेला आहेच. एवढी यादी ठेवणं जमत नसेल तर सगळ्या विक्रीवर कमी दराने द्यावं. आपल्या आकड्यांत सव्वा टक्क्याच्या थोडं वर दिलं की तेच ५,८०० होतात. दोन्ही पद्धती चालतील. चालणार नाही ती तिसरी, उधारीवर जास्त दर आणि पट्टीत फक्त एक बेरीज.

हमीच्या दोन मर्यादा मालक हमखास विसरतात. पहिली, हमी पत बुडण्याची असते, भांडणाची नसते. दुकानदार म्हणाला की चादरींचा रंग उतरतो, पैसे देणार नाही, तर ते अडत्याच्या हमीत येत नाही. लंडनच्या लाकडाच्या दलालांबाबत १९१४ मध्ये, थॉमस गेब्रिएल विरुद्ध चर्चिल अँड सिम या खटल्यात, न्यायालयाने हेच धरलं: डेल क्रेडर एजंट गिऱ्हाइकाची ऐपत बघतो, मालाबद्दलच्या तक्रारीचा निवाडा करत नाही. त्यामुळे वसुली अडली की अडत्या ‘माल खराब होता’ म्हणतो आणि मालक ‘गिऱ्हाईक बुडालं’ म्हणतो. मालाबद्दलची तक्रार किती दिवसांत आणि कशी कळवायची, हे करारात नसेल तर ही हमी कागदावरच राहते.

दुसरी मर्यादा मोठी आहे. हमी नसताना मालकाची जोखीम वीस-पंचवीस दुकानदारांत वाटलेली असते. एक बुडतो, बाकीचे देतात. हमी घेतल्यावर ती सगळी एका माणसावर येऊन बसते. उदाहरणात शिवडीच्या एका पेढीकडे २,१८,३०० येणं आहे आणि ८५,००० चा माल तिच्याच गोदामात आहे. माल निदान मालकाचा राहतो. अडत्याला आपल्या येण्यापुरता तो अडवून धरता येतो, पण पेढी बुडाली तरी मालकी जात नाही. येण्याचं तसं नाही. आणि जो बाजार दुकानदारांना बुडवतो तोच बाजार अडत्यालाही बुडवतो. दिवाळीनंतर परळची दुकानं ओस पडली तर सगळी उधारी एकदम थकते आणि हमीदार त्या सगळ्यांच्या मधोमध उभा असतो. दोन टक्क्यांत एकट्यादुकट्याचं दिवाळं निघण्याची हमी मिळते. सगळा बाजार बसण्याची हमी त्या भावात मिळत नाही आणि द्यायची कोणाची ऐपतही नसते. म्हणून अडत्याकडून घेतलेली उचल हीच मालकाची खरी सुरक्षितता. हमी तिच्या वरची. जुने व्यापारी रेल्वे रसीद हातात असतानाच उचल घ्यायचे, ते उगाच नव्हे.

आता मार्चअखेर शिवडीच्या गोदामात ठेवलेल्या त्या २०० चादरींकडे पुन्हा बघू. अडत्याच्या कागदावर त्या एक लाखाच्या. कराच्या कागदावर कदाचित त्याहून जास्तीच्या. सोलापूरच्या ताळेबंदात ८५,००० च्या, आणि बँकेच्या विवरणातही तेवढ्याच असायला हव्यात. पुढच्या थंडीत त्या विकल्या जातील तेव्हा आरंभीच्या साठ्यासोबत हे २०,०००, या वेळी जमा बाजूला, परत येतील आणि तेव्हाच, आलेल्या पैशांतून, नफ्यात मिसळतील. पडलेल्या भावाच्या आणि लिहिलेल्या भावाच्या मधे तोवर एक ओळ राहील. ती खोडलेली आहे की नाही, एवढं पाहण्यासाठी सोलापूरच्या माणसाने दर मार्चला एकदा शिवडीला यावं, आणि येताना पट्टीतल्या दोन दुकानदारांच्या दुकानांवरूनही जावं.